रिमोट डेस्कटॉपवर पत्त्याचे बंधन

विंडोजच्या रिमोट डेस्कटॉप सेवेला फायरवॉलमधून ठरावीक आयपी पत्त्यावरून किंवा व्हीपीएनमधूनच प्रवेश देण्याची पद्धत. ही सेवा ३३८९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकते. राउटरने हे पोर्ट इंटरनेटला उघडे केले, की पासवर्ड चाचपणारे स्वयंचलित प्रोग्राम तिथे पोहोचतात आणि सिक्युरिटी लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनच्या, म्हणजे ४६२५ क्रमांकाच्या, नोंदींची रांग लागते. पोर्टचा क्रमांक बदलल्याने ती रांग थोडी आखूड होते, एवढेच.

समजा, म्हापशातल्या एका करसल्लागाराचा हिशेबाचा संगणक कार्यालयात आहे आणि तो पेडण्याच्या घरून त्यावर काम करतो. घरचा सार्वजनिक पत्ता 203.0.113.25 (नमुन्यापुरता) असेल, तर कार्यालयातल्या संगणकावर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या पॉवरशेलमध्ये ही आज्ञा द्यावी:

```
Set-NetFirewallRule -DisplayGroup "Remote Desktop" -RemoteAddress 203.0.113.25
```

आज्ञा कार्यालयात बसूनच द्यावी. दुरून देताना पत्त्यातला एक आकडा चुकला, तर आपणच बाहेर राहतो आणि म्हापशाची फेरी पडते. नेहमीची चूक आणखी वेगळी आहे: ‘सर्वांना मनाई’ असा एक नियम आणि ‘मला परवानगी’ असा दुसरा. विंडोजमध्ये मनाईचा नियम परवानगीवर मात करतो, त्यामुळे मालकही अडतो. आधीच्या परवानगीलाच पत्ता जोडणे हा खरा मार्ग. उलट, कोणी पूर्वी ३३८९ साठी हाताने केलेला मोकळा नियम शिल्लक असेल, तर नव्या बंधनाला काही अर्थ उरत नाही. तो शोधून काढून टाकावा.

पडताळणी मोबाइलच्या इंटरनेटवरून करावी. `Test-NetConnection` ला कार्यालयाचा पत्ता आणि `-Port 3389` दिल्यावर `TcpTestSucceeded : False` यायला हवे, घरून मात्र `True`. अडवलेल्या माणसाला पासवर्डची खिडकीच दिसत नाही. थोडा वेळ वाट पाहून जोडणी सुटते. पासवर्ड विचारला गेला, तर फायरवॉलने आत सोडले आहे असे समजावे.

घरगुती ब्रॉडबँडचा पत्ता बहुधा कायमचा नसतो. पावसाळ्यात वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की पत्ता बदलू शकतो आणि काल चालणारी जोडणी आज मुकी होते. काही पुरवठादार एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. तेव्हा विश्वास घरावर नव्हे, त्या साऱ्या शेजाऱ्यांवर टाकला जातो. स्थिर पत्ता विकत घेणे किंवा व्हीपीएन, हे दोन उपाय उरतात.

व्हीपीएनमध्ये घरचा पत्ता कोणता, याने फरक पडत नाही. कार्यालयाच्या राउटरवर वायरगार्ड हे व्हीपीएन बसवून घरच्या लॅपटॉपला 10.8.0.2 हा आतला पत्ता दिला, तर वरच्या आज्ञेत 203.0.113.25 ऐवजी 10.8.0.2 लिहावा आणि राउटरवरून ३३८९ चे फॉरवर्डिंग काढावे. बाहेरून वायरगार्डचे यूडीपी पोर्ट, सहसा ५१८२०, तेवढे पोहोचण्याजोगे राहते आणि योग्य किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. मात्र कार्यालयाचाच सार्वजनिक पत्ता असा वाटून घेतलेला असेल, तर बाहेरून हे पोर्टही गाठता येत नाही. तिथे पुरवठादाराकडून स्वतंत्र पत्ता घ्यावा लागतो.