भिंतीतल्या फ्लश टाकीची गळती नेमकी कुठून होते?

कन्सील्ड फ्लशची टाकी भिंतीत बंदिस्त असते, त्यामुळे गळतीची जागा सहसा डोळ्यांना दिसत नाही. दिसते ती फ्लश प्लेटच्या कडेने उतरणारी ओल किंवा भिंतीवर टांगलेला कमोड आणि टाइल यांच्या फटीतून टपकणारे थेंब. अशा वेळी ती फट सिलिकॉनने बुजवून टाकणे घातक ठरते, कारण गळती तशीच राहते आणि बाहेर येणारे पाणी भिंतीत मुरू लागते. पाणी केव्हा येते, हे आधी पाहिले तर बहुतेक वेळा टाइल न फोडताही दोष सापडतो.

प्रथम फ्लश प्लेटकडे पाहू. प्लेटमागचे उघडे तोंड टाकीतील पाण्याच्या नेहमीच्या पातळीपेक्षा वर असते. टाकीत पाणी सोडणारा फिल व्हॉल्व्ह बंद होईनासा झाला, तरी जादा पाणी टाकीचे पाणी कमोडमध्ये सोडणाऱ्या फ्लश व्हॉल्व्हच्या मधल्या ओव्हरफ्लो नळीतून कमोडमध्ये उतरायला हवे. त्यामुळे प्लेटखाली पाणी आले, तर शक्यता मोजक्याच उरतात: आतल्या नळीच्या जोडातून किंवा फिल व्हॉल्व्हमधून पाण्याचे फवारे उडत असतील, किंवा ओव्हरफ्लो नळी येणारे पाणी पुरेशा वेगाने वाहून नेत नसेल. दमट हवेत थंड पृष्ठभागावर साचलेले दवही प्लेटखाली दिसू शकते.

बहुतेक प्लेट वर सरकवून किंवा कडेने ओढून निघतात. काहींना खाली बारीक स्क्रू असतो, आणि सेन्सरची प्लेट असेल तर आधी वीज बंद करावी. प्लेटमागचे प्लास्टिकचे संरक्षक झाकण काढले की टॉर्चच्या उजेडात टाकीचा पुरवठा बंद करणारा आतला अँगल व्हॉल्व्ह, फिल व्हॉल्व्ह आणि फ्लश व्हॉल्व्ह दिसतात. टाकी भरत असताना नळीच्या जोडावर कोरडा टिश्यू पेपर धरावा. बारीक फवारा डोळ्याला दिसत नसला, तरी कागद लगेच ओला होतो. मग पाण्याबरोबर वर चढून फिल व्हॉल्व्ह बंद करणारा फ्लोट हाताने खाली दाबून पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत चढू द्यावे. ते तेथून सहज खाली गेले तर ओव्हरफ्लो ठीक आहे. पातळी आणखी चढत राहिली तर लगेच अँगल व्हॉल्व्ह बंद करून फ्लोट सोडावा. नळी तुंबलेली आहे किंवा पुरवठ्याचा दाब जास्त आहे, असा त्याचा अर्थ होतो.

कमोडमागची गळती शोधताना अधिक बारकाईने पाहावे लागते, कारण तेथे दोन सांधे जवळजवळ असतात: फ्लशचे पाणी आणणारा पाइप आणि मैला नेणारा पाइप. समजा, कमोडखाली दिवसातून अनेकदा ओल दिसते. टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकावा, फट पुसून कोरडी करावी आणि अर्धा तास फ्लश न करता थांबावे. या वेळात रंग कमोडमध्ये उतरला तर फ्लश व्हॉल्व्हचे सील झिजले आहे, पण तो दोष वेगळा. फट कोरडीच असेल तर कमोडमध्ये बादलीभर पाणी ओतावे. हे पाणी फ्लश पाइपमधून जात नाही, म्हणून आता ओल आली तर मैल्याच्या पाइपचा सांधा संशयित ठरतो. तरीही फट कोरडीच राहिली आणि फ्लश दाबताच रंगीत थेंब आले, तर दोष फ्लश पाइपच्या रबरी सीलमध्ये आहे हे पक्के होते. टाकी वर असल्यामुळे फ्लश होताना या सांध्यातून पाणी वेगाने जाते, पण ते काही क्षणच, आणि म्हणूनच गळती फ्लशपुरतीच दिसते.

मग अँगल व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करावी, कमोड भिंतीला धरून ठेवणारे दोन्ही नट सोडवावेत आणि दोघांनी मिळून कमोड पुढे ओढावा. पाइपवर सीलचा ठसा टोकालाच असेल तर पाइप आखूड पडला आहे. टाइलचा थर जाड झाला की असे हमखास घडते. सीलची कडा दुमडली असेल तर पाइप वाकडा कापला गेला असावा किंवा त्याच्या टोकाची धार घासलेली नसावी. योग्य लांबीचा पाइप व नवे सील साबणाच्या पाण्याने ओले करून बसवावे. तेल लावू नये, कारण रबर फुगते. नट आलटूनपालटून आवळावेत, एक बाजू जोरात आवळल्यास चिनी माती तडकते. सिलिकॉन लावायचेच असेल तर तळाशी थोडी फट मोकळी ठेवावी, म्हणजे पुढे गळती झाल्यास ती लपणार नाही.

प्लेटच्या तोंडातून सगळेच सांधे हाताशी येत नाहीत. अँगल व्हॉल्व्ह बंद आणि टाकी रिकामी असतानाही भिंतीची ओल वाढत राहिली, तर बाथरूमचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून पाहावे. तेव्हा ओल वाढायची थांबली, तर गळती बाथरूमच्या पुरवठ्याच्या पाइपमध्ये भिंतीत आहे, कारण आतला व्हॉल्व्ह बंद असला तरी त्याच्या आधीच्या पाइपात दाब कायम असतो. तेवढ्यासाठी मात्र टाइल काढावीच लागते.