कड्या टोकापर्यंत नसतात

"श्वासनलिकेच्या कूर्चेच्या गोल कड्या फुफ्फुसाच्या टोकापर्यंत असतात ना? मग दम्यात नळी आवळते कशी?" नाशिकच्या एका नर्सिंग विद्यार्थिनीचा प्रश्न.

हा समज जुना आहे. भद्रकालीच्या बाजारातून बोकडाचं फोपसं आणा आणि श्वासनलिकेवरून बोट फिरवा. पुढे टणक, मागे मऊ लागेल. माणसातही कडी इंग्रजी 'सी'सारखी असते, मागची फट स्नायू सांधतो. फुफ्फुसात शिरल्यावर कड्यांचे वेडेवाकडे तुकडे होतात, आणि सुमारे 1 मिमीच्या, ब्रॉन्किओल नावाच्या बारीक नळीत कूर्चा संपते, ग्रंथीही संपतात. उरतो गुळगुळीत स्नायू, तोही नळीच्या मानाने भरपूर. दम्यात तो आवळला की रोखायला कूर्चा नसते. मोठ्या नळ्याही आवळतात, पण तिथे कूर्चेचा आधार असतो.

सूक्ष्मदर्शकाखालच्या स्लाइडवर मात्र घाई नको. तुकड्यांमधल्या मोकळ्या जागेतून छेद गेला, तर ब्रॉन्कस ही मोठी नळीही कूर्चेविना दिसते. अशा वेळी स्नायूच्या बाहेर ग्रंथी शोधा. सापडल्या तर ब्रॉन्कस, मग कूर्चा दिसो न दिसो. आणखी पुढे भिंतीतच अधूनमधून वायुकोश उघडलेले दिसले, तर ती रेस्पिरेटरी ब्रॉन्किओल. वायूंची देवाणघेवाण तिथूनच सुरू होते.