‘जशास तसे’ नक्की कुठून आलं: पार्श्वभूमी

दोन कैद्यांची गोष्ट बहुतेकांना माहितीये: दोघांना वेगळं ठेवतात, प्रत्येकाने दुसऱ्याला साथ द्यायची की दगा हे ठरवायचं, एकेकट्याला दगा फायद्याचा वाटतो, पण दोघांनी दिला तर दोघांचंही नुकसान. पण ती गोष्ट या साथ-दग्याच्या खेळाला नंतर चिकटवलेली आहे. जानेवारी १९५० मधे अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेत दोन जण हा खेळ सलग १०० वेळा खेळले, कैदी-पोलिस काही नव्हतं, नुसते पैसे. शेवट माहीत असेल तर हिशोबी माणसाने पहिल्या डावापासूनच दगा द्यावा असं थिअरी म्हणते, पण त्या दोघांनी ६० डावांत एकमेकांना साथ दिली. कैदी आले ते त्याच वर्षी पुढे एका गणितज्ञाच्या लेक्चरमधे, आणि खेळ एकदाच होतो असं लोकांच्या डोक्यात बसलं.

मग १९८० च्या आसपास दोन कॉम्प्युटर स्पर्धा झाल्या, त्यात लोकांनी पाठवलेले प्रोग्राम हाच खेळ एकमेकांशी पुन्हा पुन्हा खेळले. दोघांची साथ म्हणजे ३-३ गुण, दोघांचा दगा १-१, एकाने फसवलं तर त्याला ५ आणि दुसऱ्याला ०. पहिल्या स्पर्धेत ‘टिट फॉर टॅट’ नावाचा सगळ्यात छोटा प्रोग्राम जिंकला, दुसऱ्या वेळी त्याच्यासकट ६२ प्रोग्राम उतरले, डाव कधी संपणार हेही लपवलं होतं, तरी पुन्हा तोच.

त्याचं नाव आपण ‘जशास तसे’ करतो आणि माझ्या मते सगळा घोळ इथेच होतो. मराठी कानाला ते बदल्यासारखं लागतं, ठोशास ठोसा वगैरे. पण प्रोग्राम सुरुवात साथ देऊन करतो, नंतर फक्त समोरच्याची मागची चाल परत करतो, म्हणजे समोरचा एकदा सुधारला की हाही लगेच विसरतो. आणि हा कुठल्याही एका सामन्यात समोरच्यापेक्षा जास्त गुण मिळवूच शकत नाही, फार तर बरोबरी! जिंकला तो सगळ्या सामन्यांच्या बेरजेवर. वाटाघाटीत ‘मी त्याला धडा शिकवला’ म्हणणाऱ्यांनी हे बघायलाच पाहिजे.

त्याची कमजोरी नंतर कळली. असे दोघे समोरासमोर असतील आणि एकाची चाल चुकून दगा म्हणून पोचली, की पुढे एकदा हा फसवतो एकदा तो, ५ आणि ०, म्हणजे सरासरी ३ वरून अडीचवर, आणि आपोआप थांबत नाही. वाटाघाटीत मेल उशिरा पोचला किंवा आकडा चुकीचा वाचला गेला तरी हेच होतं, दोघांनाही वाटतं की सुरुवात समोरच्याने केली. १९९० नंतरच्या कामातून उपाय निघाला की समोरच्याचा दगा अधूनमधून माफ करायचा. वरच्या गुणांना तो हिशोब साधारण तीनातून एकदा असा बसतो. त्याहून जास्त वेळा माफ केलं तर समोरच्याला फसवणंच परवडायला लागतं.

वाटाघाटीत याचा थेट वापर म्हणजे हप्ते. समजा १२ लाखांचं काम आहे, अर्धे आधी अर्धे नंतर ठरलं तर खेळ जवळपास एकदाच होतो. तेच दोन-दोन लाखांचे सहा टप्पे केले तर प्रत्येक वेळी पळून जाऊन मिळणारं थोडं आणि गमावण्यासारखं पुढचं बरंच असतं. अडचण शेवटच्या टप्प्याला येते, कारण त्याच्या पुढे काहीच नसतं. म्हणून तो हप्ता मुद्दाम लहान ठेवतात, नाहीतर पुढच्या कामाचं बोलणं त्याच्या आधीच सुरू करतात.