चकत्या कुठे टेकतात? कॉफी ग्राइंडरचा शून्यबिंदू आणि कपातली तक्रार

एस्प्रेसो आंबट लागला तर दळण बारीक करावे आणि कडू लागला तर जाड करावे, हा नियम कॉफी करणारा प्रत्येकजण पहिल्याच आठवड्यात शिकतो. पण एकाच घोटात आंबटपणा आणि कडूपणा दोन्ही जाणवू लागले, दळण कोणत्याही दिशेने बदलले तरी एक दोष कमी होताना दुसरा वाढू लागला, तर हा नियम निरुपयोगी ठरतो. अशा वेळी दळण किती बारीक आहे यापेक्षा ते किती एकसारखे आहे हे तपासावे लागते, आणि त्यासाठी ग्राइंडरमधल्या दोन दातेरी चकत्या एकमेकींना समांतर आहेत की नाहीत हे पाहावे लागते. या लेखात सपाट चकत्यांच्या ग्राइंडरचाच विचार केला आहे. शंकूच्या आकाराच्या चकत्यांचे भूमितीशास्त्र थोडे निराळे असते.

रचना आपल्या जात्यासारखीच असते. एक चकती स्थिर, दुसरी मोटरच्या दांड्यावर फिरणारी. बिया मधून आत जातात आणि भरडत भरडत कडेच्या अरुंद फटीतून बाहेर पडतात. या फटीची रुंदीच कणांचा आकार ठरवते. जात्यात दगडाला दगड घासला तर पिठात कच येते. इथे पोलादाला पोलाद घासते आणि दातांची धार जाते. त्यामुळे चकत्या नेमक्या कोणत्या खुणेवर एकमेकींना टेकतात, हे माहीत असणे आवश्यक आहे. त्या जागेला शून्यबिंदू म्हणतात, आणि डायलवर छापलेल्या शून्याशी त्याचा मेळ असेलच असे नाही.

शून्यबिंदू शोधण्यापूर्वी ग्राइंडर पूर्ण रिकामा आणि स्वच्छ करून त्याचा प्लग काढून ठेवावा. मग फिरणारी चकती हाताने सावकाश फिरवत दळण एकेक खूण बारीक करत जावे. ज्या खुणेवर धातूची अगदी हलकी घासण प्रथम ऐकू येते किंवा बोटांना जाणवते, ती पहिल्या स्पर्शाची खूण. आणखी आवळत गेल्यास पुढे चकती फिरेनाशीच होते, पण ही जखडण्याची खूण शून्यबिंदू मानू नये, कारण तिथे पोहोचेपर्यंत आपण धातू दाबलेला असतो. मोटर चालू ठेवून आवाज ऐकण्याची पद्धतही प्रचलित आहे, मात्र दात बोथट करण्याचा तो सर्वांत जलद मार्ग असल्यामुळे मी ती टाळतो.

आता एक उदाहरण घेऊ. समजा चकत्या 64 मिलिमीटर व्यासाच्या आहेत, डायलची एक खूण म्हणजे 25 मायक्रॉनची हालचाल आहे, आणि पहिला स्पर्श 6 या खुणेवर होतो. समजा स्थिर चकती इतकी कलली आहे, की तिची एक कड दुसऱ्या कडेपेक्षा 100 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग, उंच आहे. हा कल एका अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी असल्यामुळे तो डोळ्यांना दिसणार नाही. परंतु डायल 10 वर ठेवला, की उंच कडेपाशी फट 100 मायक्रॉन आणि समोरच्या कडेपाशी 200 मायक्रॉन असते. एकाच वेळी दोन ग्राइंडर चालवून त्यांची पूड एकत्र केल्यासारखाच हा प्रकार आहे.

हा कल शोधण्यासाठी व्हाइटबोर्डचा मार्कर पुरतो. दोन्ही चकत्यांच्या बाहेरच्या सपाट कडेवर शाईचा पातळ थर द्यावा, ग्राइंडर पुन्हा जोडावा, पहिल्या स्पर्शापर्यंत आणून चकती हाताने दोन-तीन फेरे फिरवावी आणि उघडून पाहावे. या चाचणीत बरेच जण फक्त एकच चकती रंगवतात आणि तिथे फसतात. स्थिर चकती कललेली आणि फिरणारी सरळ असेल, तर फिरणाऱ्या चकतीचा प्रत्येक बिंदू त्या एका उंच जागेवरून जातो. म्हणून फिरणाऱ्या चकतीवरची शाई सर्व बाजूंनी पुसली जाते आणि स्थिर चकतीवरची फक्त एका कमानीत. फिरणारी चकती कललेली असेल तर चित्र नेमके उलटे होते. म्हणजे एका चकतीवर शाई पूर्ण पुसलेली दिसली, एवढ्यावरून सर्व काही ठीक आहे असे म्हणता येत नाही, कारण जिच्यावर शाई अर्धवट उरली आहे तीच चकती दोषी असते. दोन्ही कललेल्या असतील तर दोन्हींवर शाई उरते, आणि फिरवताना घासण अखंड न येता प्रत्येक फेऱ्यात एकदाच येते.

दोष सापडला, की लगेच दुरुस्तीचे सामान काढू नये. चकतीच्या बैठकीवर साचलेली जुनी पूड, रंगाचा थेंब किंवा एकच स्क्रू आधी घट्ट आवळणे, यांपैकी काहीही शंभर मायक्रॉनचा घोळ घालू शकते. बैठक पुसून, स्क्रू आळीपाळीने थोडेथोडे आवळून चाचणी पुन्हा करावी. तरीही कल राहिला तर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल उपयोगी पडते, जिची जाडी साधारण 11 ते 18 मायक्रॉन असते. शाई जिथे उरली आहे ती बाजू खोलगट, म्हणून फॉइलचा लहान तुकडा त्याच बाजूच्या स्क्रूजवळ चकतीखाली ठेवावा. सुरुवात दोन थरांनी करावी, आणि चकती बैठकीवर कोणत्या दिशेने बसवली होती याची खूण आधीच करून ठेवावी. नाहीतर पुढच्या सफाईनंतर सगळी मेहनत पुन्हा करावी लागते.

दुरुस्तीनंतर डायलवर काय बदलते, हे कल कसा काढला यावर अवलंबून असते. फॉइलने खोल बाजू वर उचलली तर उंच कड होती तिथेच राहते, त्यामुळे पहिला स्पर्श पुन्हा 6 च्या आसपासच होतो. पण आता सगळीकडची फट सारखी असल्यामुळे पूर्वीची सरासरी फट, म्हणजे 150 मायक्रॉन, मिळवण्यासाठी डायल 10 ऐवजी 12 वर न्यावा लागतो. उलट, उंच बाजूखालचा कचरा काढून कल गेला असेल तर ती बाजू खाली बसते आणि शून्यबिंदूच अधिक बारीक खुणेकडे सरकतो. एस्प्रेसोचे दळण शून्यबिंदूला अगदी चिकटून मिळत असेल, किंवा पुरेसे बारीक होण्याआधीच घासण सुरू होत असेल, तर कल असल्याचा संशय घ्यायला हरकत नाही.

कपात हे कसे उतरते? 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम एस्प्रेसो 28 सेकंदांत यावा, असे आपण ठरवले असे धरू. रुंद फटीतून सुटलेले जाड कण पाण्याला वाट देतात, म्हणून वेळ गाठण्यासाठी आपण दळण बारीक करतो. तेव्हा अरुंद बाजूला आणखी भुकटी तयार होते. वेळ जुळते, पण भुकटीतून गरजेपेक्षा जास्त उतरून कडूपणा आणि जिभेला सुकवणारा तुरटपणा येतो, तर जाड कणांच्या गाभ्यापर्यंत पाणी पोहोचतच नाही आणि आंबटपणा राहतो.

हीच लक्षणे पूड नीट न पसरल्यामुळे किंवा दात बोथट झाल्यामुळेही दिसतात. म्हणून मी आधी कागदी फिल्टरमधून कॉफी गाळून पाहतो, कारण तिथे पूड दाबण्याचा प्रश्नच नसतो. दळण डोळ्यांना जाड दिसत असूनही पाणी शेवटी रेंगाळले आणि वर चिखलासारखा थर उरला, तर दोष दळणात आहे. तो धारेचा असेल तर महिनोन्महिने डायल हळूहळू बारीक करावा लागलेला असतो. कलाचा असेल तर तो पहिल्या दिवसापासून असतो किंवा सफाईच्या दुसऱ्या दिवशी अचानक उपटतो.

शाई दोन्हीकडे पूर्ण पुसली जाईपर्यंत फॉइल लावत बसण्याचा मोह होतो, पण शाईच्या थरालाही थोडी जाडी असते, आणि बिया दळताना चकत्यांवर येणारा दाब त्यांना दूर ढकलत असतो. दांड्याच्या बेअरिंगमध्ये ढिलाई असेल तर रिकाम्या ग्राइंडरमध्ये साधलेली समांतरता दळताना टिकत नाही. प्लग काढून दांडा हाताने वर-खाली आणि आडवा हलवून पाहावा. तो हलत असेल तर फॉइल बाजूला ठेवून आधी बेअरिंग बदलावे लागते.