फर्निचरचा फोटो खोलीच्या फोटोत बसवणं

दुकानाच्या कॅटलॉगमधला सोफा, पलंग, कपाट वगैरे वस्तूचा फोटो कापून गिऱ्हाइकाने पाठवलेल्या त्याच्याच खोलीच्या फोटोत असा लावायचा की वस्तू तिथे खरोखर ठेवल्यावर जेवढी आणि जशी दिसेल तेवढी आणि तशीच दिसावी, या कामाला हे नाव. इथे फक्त सपाट फोटोवरून सपाट फोटोत बसवण्याचा विचार केलाय. त्रिमितीय मॉडेल मोबाइलच्या कॅमेऱ्यातून थेट खोलीत दाखवणं (आयकियाचं प्लेस हे ॲप, २०१७) हा याचाच पुढचा भाऊ, पण त्याचं गणित फोन स्वतः करतो. इथे ते माणसाला करावं लागतं.

याचा उगम कुठला यावर एकमत नाही. बरेच जण इंग्लंडच्या हम्फ्री रेप्टन या उद्यानरचनाकाराकडे बोट दाखवतात. १७८८-८९ च्या सुमारास तो जमीनदारांसाठी लाल बांधणीच्या वह्या बनवायला लागला, त्यात जागेच्या आहे त्या चित्रावर एक कागदी पाकळी असायची, ती उचलली की खाली सुधारलेली जागा दिसायची. गिऱ्हाइकाला त्याच्याच जागेचं आधी-नंतर दाखवणं एवढंच पाहिलं तर रेप्टनचा मान बरोबर आहे. पण तो दोन्ही चित्रं स्वतःच्या हाताने, एकाच जागी उभं राहून काढायचा, म्हणजे दोन वेगळ्या नजरा जुळवायचा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नाही, आणि या कामातली सगळी अडचण तीच आहे. त्यामुळे मूळ शोधायचं तर आणखी मागे, इटलीत जावं हे जास्त पटतं. ब्रुनेलेस्की या वास्तुकाराने फ्लॉरेन्समध्ये यथादर्शनाचे, म्हणजे पर्स्पेक्टिव्हचे, प्रयोग केले ते १५ व्या शतकाच्या पहिल्या पाव भागात कधीतरी, नेमक्या सालावर अभ्यासक अजून भांडतात. लिहून ठेवलेला नियम मात्र आल्बेर्ती या इटालियन विद्वानाच्या १४३५ च्या चित्रकलेवरच्या ग्रंथात मिळतो. देवळात जमलेल्या लोकांकडे बघितलं तर सगळ्यांची डोकी जवळपास एका ओळीत दिसतात, पण लांबच्यांचे पाय जवळच्यांच्या गुडघ्यांच्या पातळीला दिसतात असं निरीक्षण त्यात आहे. सपाट जमिनीवरची गर्दी आपण उभं राहून बघतो तेव्हा क्षितिजरेषा आपल्या डोळ्यांच्या उंचीतून जाते आणि सारख्या उंचीच्या प्रत्येक माणसाला ती डोळ्यांपाशीच कापते, मग तो जवळ असो की लांब. सोफ्याचं प्रमाण काढायला हाच नियम लागतो. संगणकाच्या जगात त्याला नीट मांडलं ते क्रिमिनिसी, रीड आणि झिसरमन या तीन संशोधकांनी, एकाच फोटोवरून मोजमाप कसं काढायचं यावरच्या १९९९-२००० च्या कामात. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये व्हॅनिशिंग पॉइंट नावाचा फिल्टर आला, त्याला काही जण या कामाची सुरुवात मानतात, पण तो सपाट प्रतलावरच चालतो, गालिचा किंवा भिंतीवरची फ्रेम त्यात छान बसते आणि सोफा बसत नाही.

आता प्रत्यक्ष रीत. खोलीच्या फोटोत आधी क्षितिजरेषा शोधायची. जमिनीवरच्या फरशीच्या समांतर रेघा लांबवल्या की रेल्वेच्या रुळांसारख्या एका ठिपक्यात मिळतात, त्या ठिपक्यातून जाणारी आडवी रेघ ती क्षितिजरेषा. मग उंची माहीत असलेली, जमिनीवर उभी असलेली एक वस्तू धरायची. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दरवाजा हा चांगला आधार, बहुतेक ठिकाणी तो ७ फूट म्हणजे २.१ मीटर असतो. जुन्या वाड्यात मात्र दरवाजा धरायचा नाही, तिथे वाकून जावं लागतं, गिऱ्हाइकाला टेप लावायला सांगायचं. आणि उंबरा असेल तर मोजणी उंबऱ्याच्या वरून नाही, जमिनीपासून.

एक उदाहरण पूर्ण करून बघू. हॉलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा, समोरच्या भिंतीत दरवाजा. वरून मोजलं तर क्षितिजरेषा १४०० वर आहे, दरवाज्याचं डोकं ९८० वर आणि तळ २२४० वर. म्हणजे दरवाजा १२६० पिक्सेल, आणि तळापासून क्षितिजापर्यंत ८४० पिक्सेल, दरवाज्याच्या बरोबर दोन तृतीयांश. २.१ मीटरचे दोन तृतीयांश म्हणजे १.४ मीटर, फोन एवढ्या उंचीवर धरला होता. इतकं कळलं की जमिनीवरच्या कुठल्याही बिंदूचं माप निघतं: तो बिंदू क्षितिजाच्या जितके पिक्सेल खाली, तितके पिक्सेल तिथे १.४ मीटरला. भिंतीपाशी ८४० भागिले १.४, म्हणजे मीटरला ६०० पिक्सेल.

तीन सीटचा सोफा आहे, २१० सेंटिमीटर रुंद, ८५ खोल, ८० उंच, भिंतीला टेकवून ठेवायचाय. इथेच सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक होते, लोक दरवाज्याचं ६०० चं माप घेतात आणि सोफ्याचा पुढचा भाग १२६० पिक्सेल रुंद करून टाकतात. पण पुढचा भाग भिंतीपाशी नाही, ८५ सेंटिमीटर अलीकडे आहे. दोन बाय दोनच्या फरशा, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या, त्यामुळे भिंतीपासून एक फरशी संपते २३५५ वर आणि दुसरी २५०५ वर, पुढचे पाय दुसऱ्या फरशीत, भिंतीकडून मोजत आलं तर निम्म्याच्या जरा आधी, साधारण २४१२ वर येतात. तिथे क्षितिजापासून १०१२ पिक्सेल, मीटरला ७२३, आणि सोफा १५१८ पिक्सेल रुंद हवा. १२६० चा लावला तर तो खरं तर पावणेदोन मीटरचा सोफा दाखवतो, तीन सीटचा दोन सीटचा होतो, हॉल मोठा दिसतो, गिऱ्हाईक खूश होतं आणि टेम्पो दारात आल्यावर मग वाद सुरू होतो.

रुंदी जुळली तरी काम संपत नाही, कारण आकार मोठा-लहान करता येतो, बघायची जागा बदलता येत नाही. प्रॉडक्टच्या फोटोत कॅमेऱ्याची उंची आणि अंतर गोठलेलं असतं. लेन्समुळे पर्स्पेक्टिव्ह बदलतं असं फोटोग्राफर लोक सर्रास म्हणतात, पण लेन्सने फक्त किती भाग फोटोत येतो ते ठरतं, वस्तूचा पुढचा आणि मागचा भाग एकमेकांच्या प्रमाणात कसे दिसतील ते अंतरावर ठरतं. लांब लेन्स लावली की माणूस मागे सरकतो, म्हणून गोंधळ होतो.

कॅटलॉगच्या फोटोतली कॅमेऱ्याची उंचीही त्याच युक्तीने निघते. सोफ्याच्या दोन्ही हातांच्या वरच्या कडा मागे लांबवायच्या, मिळतील तिथे क्षितिज. हाताची उंची ६० सेंटिमीटर असेल आणि पुढच्या पायाच्या तळापासून क्षितिज त्या उंचीच्या एक पूर्णांक दोन तृतीयांश पट वर असेल तर कॅमेरा १ मीटरवर होता. वरच्या उदाहरणात असा फोटो घेऊ, कॅमेरा १ मीटर उंच आणि सोफ्याच्या पुढच्या कडेपासून ५ मीटर लांब. १५१८ पिक्सेल रुंदीवर आणून तो पुढच्या पायांवर बरोबर ठेवला तर मागचे पाय १०५ पिक्सेल वर येतात, यायला हवे होते १७२. म्हणजे खोलीच्या जमिनीवर हा ८५ सेंटिमीटर खोल सोफा फक्त ४८ सेंटिमीटर व्यापतो आणि मागे भिंतीपर्यंत हातभर फट उरते. सीटची वरची बाजूही पातळ पट्टीसारखी दिसते. बघणाऱ्याला नेमकं काय बिघडलंय ते सांगता येत नाही, तो एवढंच म्हणतो की सोफा स्टिकरसारखा चिकटवलाय किंवा मागे तिरपा झालाय.

यावर ताणाताणी करून, म्हणजे फोटो वरून-खालून ओढून, थोडं भागतं, पण खुर्चीचे पाय फाकतात आणि गोल उशी लंबगोल होते. गिऱ्हाइकाला फोन १ मीटरवर, साधारण पोटापाशी धरून परत फोटो काढायला सांगणं हा त्यापेक्षा खूप चांगला उपाय. उभं राहायची जागा तीच ठेवून फोन खाली आणला तर याच सोफ्याची खोली ४८ वरून ७० सेंटिमीटरपर्यंत येते. उरलेली तूट अंतरामुळे आहे आणि ती राहणारच, कारण १६ फुटी हॉलमध्ये सोफ्यापासून ५ मीटर मागे जायला जागा कुठे आहे. ज्या दुकानात हे काम रोज होतं तिथे प्रत्येक वस्तूचे दोन-तीन उंचीवरून फोटो काढून कॅमेऱ्याची उंची फाइलच्या नावातच लिहून ठेवलेली बरी.

ही सगळी मोजणी भिंतीच्या उभ्या कडा फोटोत उभ्याच दिसत असतील तरच खरी. फोन खाली झुकवला की कडा खाली एकमेकींकडे येतात, तेव्हा आधी त्या सरळ करायच्या. वाइड म्हणजे ०.५ वर काढलेला फोटो तर परत मागवावा, कडेची वस्तू ताणली जाते आणि कडेला ठेवलेला सरळ सोफा तिथे कधीच खरा वाटत नाही. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होतो आणि त्यातली कॅमेऱ्याची माहितीही निघून जाते, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतात. क्षितिजाच्या रीतीला ती माहिती लागत नाही, पण फोटो १ वर काढला की ०.५ वर हे तिच्यात कळतं.

तिरप्या कोनातून काढलेला फोटो भिंतीच्या दुसऱ्या बाजूला हवा असेल तर आरशासारखा उलटवतात. साध्या सोफ्याला चालतं, पण एल आकाराचा सोफा उलटवला की डाव्या हाताचा उजव्या हाताचा होतो, आणि तो माल त्या दुकानात असेलच असं नाही.

सावलीबद्दल थोडंच: पायांच्या तळाशी, जमिनीला टेकतात तिथे, बोटभर गडद सावली नसेल तर वस्तू तरंगते, मोठी पडलेली सावली नसली तरी फारसं बिघडत नाही. गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवर मात्र पायांचं पुसट प्रतिबिंबही लागतं.