रेन मोड लावला की गाडीत काय बदलतं: केबल, वायर आणि क्विकशिफ्टरची पार्श्वभूमी

2020 च्या एप्रिलमध्ये बीएस6 लागू झालं आणि कार्बोरेटर नव्या गाड्यांमधून जवळजवळ हद्दपार झाला. त्यानंतर पाचेक वर्षांत रायडिंग मोड उतरत उतरत 125 सीसीपर्यंत आले. 2025 ची ग्लॅमर एक्स 125 राइड-बाय-वायर, म्हणजे मुठीपासून इंजिनपर्यंत केबलऐवजी वायर आणि संगणक, आणि सोबत मोड घेऊनच आली. म्हणजे ज्या गाडीवर मागे बियाण्याची पिशवी बांधून शेतात जायचं, तिच्या हँडलवरही आता मोडचं बटण असू शकतं. दारव्हा, मोर्शी किंवा चिमूरच्या शोरूममध्ये हे बटण दाबून दाखवतात, डिस्प्लेचा रंग बदलतो, आणि पुढचा प्रश्न अनुत्तरित राहतो: इंजिनमध्ये नेमकं काय बदललं?

उत्तर गाडीगणिक वेगळं आहे, आणि त्याला कारण आहे. राइड-बाय-वायर आणि मोड या दोन गोष्टी आज जोडीने विकल्या जातात, पण त्या वेगवेगळ्या जन्मल्या. 2006 ची यामाहा आर6 ही संगणकाच्या हाती थ्रॉटल देणारी पहिली उत्पादनातली मोटरसायकल मानली जाते, पण तिच्यावर निवडायला एकही मोड नव्हता. मुठीची मागणी आणि इंजिनात जाणारी हवा आवरणाऱ्या झडपेची हालचाल यांच्यामध्ये संगणक बसवला होता तो मूठ एकदम पिळली तरी इंजिन गुदमरू नये म्हणून. पुढच्याच वर्षी, 2007 च्या सुझुकी जीएसएक्स-आर1000 वर ए, बी, सी असे तीन मोड आले, पण तिथे मुख्य झडप केबलवरच होती. त्याच नळीत मोटरवर चालणारी दुसरी झडप होती आणि संगणक ती, इंधन आणि स्पार्क यांच्यावर खेळून पॉवर कमी-जास्त करायचा.

दोन्ही धागे एकत्र ठळकपणे दिसले ते 2010 च्या डुकाटी मल्टिस्ट्राडा 1200 वर. स्पोर्ट आणि टूरिंग दोन्हीत 150 अश्वशक्ती, फक्त टूरिंगमध्ये ती मऊपणे येणार. अर्बन आणि एन्ड्युरोमध्ये कमाल ताकदच 100 वर आणलेली. मोडचे दोन प्रकार इथे एकाच गाडीत दिसतात: एक पॉवर उशिरा देतो, दुसरा पॉवर कापतो. आजही कुठलाही मोड पाहताना पहिला प्रश्न हाच विचारायचा.

आपल्याकडेही तेच झालं. 2017 ची 390 ड्यूक राइड-बाय-वायर घेऊन आली, मोडशिवाय. 2020 च्या आपाची आरआर 310 वर वायर आणि चार मोड एकत्र आले. आणि त्याच वर्षी आपाची आरटीआर 200 4व्हीवर स्पोर्ट, अर्बन, रेन हे मोड आले ते साध्या केबलवर. तिथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही: केबलवरच्या मोडला मोड म्हणायचं का?

हा वाद समजून घ्यायला मॅप म्हणजे काय ते पाहावं लागेल. वायरच्या गाडीत मुठीजवळ सेन्सर असतो. तो सांगतो, मूठ इतकी फिरली. ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, ते आणि इंजिनचा आरपीएम असे दोन आकडे घेऊन एका तक्त्यात बघतो आणि झडप किती उघडायची ते ठरवतो. हा तक्ता म्हणजे मॅप. समजण्यासाठी आकडे धरू: 4000 आरपीएमला मूठ एक पंचमांश फिरवली. स्पोर्टच्या तक्त्यात झडप 25 टक्के उघडेल, रेनच्या तक्त्यात 12 टक्के. हात तेवढाच फिरला, रेस मात्र अर्धीच गेली. मूठ पूर्ण पिळल्यावर काय होतं हे वेगळं लिहिलेलं असतं. काही गाड्यांवर दोन्ही तक्ते शेवटी शंभर टक्क्यांवर पोचतात, काहींवर रेनचा तक्ता आधीच थांबतो.

केबलच्या गाडीत ही सोय नाही. झडप मिस्त्रीने ताणलेल्या तारेने थेट मुठीला बांधलेली. मूठ एक पंचमांश फिरली की त्या प्रमाणात झडप उघडणारच, हवा आत जाणारच. मग ईसीयूच्या हातात उरतं काय? स्पार्क थोडा मागे घेणं, इंधन आवरणं, वरचा आरपीएम रोखणं. आरटीआर 200 4व्हीवर स्पोर्टमध्ये 20.8 पीएस मिळतात आणि अर्बन-रेनमध्ये 17.3. फरक खरा आहे, मोजता येतो. पण तो मुख्यतः वर आहे. अर्बनमधली कमाल पॉवर 7800 आरपीएमच्या आसपास येते, स्पोर्टमधली 9000 ला.

माझं मत स्पष्ट आहे. केबलवरचा रेन मोड खोटा नाही, पण पावसात जिथे मदत हवी तिथे तो कमी पोचतो. मागचं चाक सुटतं ते 8000 आरपीएमला नव्हे. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना ओल्या डांबरावर सागाची कुजलेली पानं असतात, तिथल्या वळणातून बाहेर पडताना दुसऱ्या गिअरमध्ये मूठ उघडण्याच्या पहिल्या क्षणी ते सुटतं. तो पहिला पाव भाग मऊ करायचा तर झडपच हळू उघडली पाहिजे आणि त्यासाठी वायर लागते. स्पार्क मागे घेऊन थोडंफार होतं, पण झडपेची बरोबरी होत नाही. शोरूममध्ये दोन्ही गाड्यांच्या माहितीपत्रकावर 'रेन मोड' हे एकच नाव छापलं जातं. मला हे पटत नाही. केबल की वायर, आणि कमाल पॉवर कापली की नाही, एवढं तरी त्याच ओळीत लिहायला हवं.

2020 च्या आरआर 310 चं उदाहरण आकड्यांनी पाहू, कारण तिथे उलटा गैरसमज आहे. स्पोर्ट आणि ट्रॅकमध्ये 34 पीएस, अर्बन आणि रेनमध्ये 25.8. जवळजवळ चोवीस टक्के कमी. त्यामुळे अर्बनमध्ये ओव्हरटेक करणं धोक्याचं, असं पोरं एकमेकांना सांगतात. पण टॉर्क बघा: 27.3 विरुद्ध 25 न्यूटन मीटर, म्हणजे आठेक टक्क्यांचा फरक. अमरावतीच्या रस्त्यावर संत्र्याच्या ट्रकमागून पाच-सहा हजार आरपीएमवर बाहेर निघालात आणि मूठ पूर्ण उघडली, तर साडेसहा हजारांपर्यंत ताकदीचा फरक थोडाच आहे. मोठी तफावत त्याच्या वर, 9700 च्या दिशेने गाडी ताणली तरच येते. अर्बनमध्ये गाडी मेल्यासारखी वाटते त्यामागे बहुतेक वेळा अर्धीच फिरवलेली मूठ असते. पूर्ण पिळली की तिचं अंग दिसतं. आणि त्या गाडीवर अर्बन-रेनची कमाल पॉवर एकच आहे. रेनमध्ये वेगळं होतं ते थ्रॉटलचं वागणं आणि एबीएसचा हस्तक्षेप.

मोड बदलल्यावर थ्रॉटलखेरीज जे बदलतं ते बहुधा एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल. दोन्ही चाकांचे वेग मोजणारे सेन्सर ड्युअल चॅनेल एबीएसमुळे आधीच बसलेले असल्याने ट्रॅक्शन कंट्रोल देणं स्वस्त झालं. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त फिरलं की ते इंजिनची ताकद कापतं. डांबरावर हे उत्तम. पण जुलैमध्ये पांदणीच्या काळ्या मातीत टायरच्या खाचा भरून चाक गुळगुळीत होतं आणि तिथून निघायचं तर चाक थोडं फिरूनच चिखल झटकतं. ट्रॅक्शन कंट्रोल चालू असेल तर गाडी प्रत्येक वेळी रेस कापते आणि जागच्या जागी दबत जाते. गाडी बिघडली म्हणून धक्का मारत गावात आणणारे असतात. ट्रॅक्शन बंद करायचं किंवा ऑफ-रोड मोड लावायचा. काही गाड्यांवर किल्ली बंद-चालू केली की हे पुन्हा आपोआप चालू होतं, म्हणून बांधावर थांबून परत निघताना डिस्प्लेकडे एकदा बघायचं.

आता क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी सोय. यालाही वायर लागते, असा सरसकट समज आहे, तो अर्धाच बरोबर. गिअरबॉक्समध्ये गिअरचे दात एकमेकांत अडकून इंजिनच्या जोराने दाबलेले असतात, त्यामुळे क्लच न दाबता ते सुटत नाहीत. क्विकशिफ्टरचा सेन्सर पायाचा जोर ओळखतो आणि ईसीयू सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावा इतका वेळ, साधारण पाच ते आठ भाग, स्पार्क किंवा इंधन तोडतो. तेवढ्यात दाब जातो आणि वरचा गिअर पडतो. यात झडपेला हात लावावा लागत नाही. म्हणूनच 2021 च्या आर15 व्ही4 वर केबलचं थ्रॉटल असूनही वर चढवायचा क्विकशिफ्टर मिळाला.

गिअर खाली आणताना उलटं आहे. मूठ बंद असते आणि चाक इंजिनला ओढत असतं, त्यामुळे दातांवरचा दाब विरुद्ध बाजूने येतो. तो काढायला इंजिनला क्षणभर रेस द्यावी लागते आणि इंजिनचा वेगही वाढवावा लागतो. ही रेस चालकाने न देता ईसीयूने द्यायची तर झडप त्याच्या हातात हवी. दोन्ही दिशांच्या क्विकशिफ्टरला वायर लागते ती यासाठी. स्लिपर क्लच हा वेगळा भाग आहे. गिअर घाईने खाली आणल्यावर मागचं चाक उड्या मारू नये एवढंच त्याचं काम.

वर चढवताना गाडी खेचत असेल, म्हणजे मूठ उघडी आणि आरपीएम मध्यावर वा वर असेल, तरच क्विकशिफ्टर लोण्यासारखा चालतो. बाजाराच्या दिवशी गर्दीत दोन-अडीच हजारांवर गिअर टाकला की झटका बसतो, कारण तोडलेल्या क्षणात चेन ढिली पडते आणि पुन्हा ताणताना हिसका देते. तिथे क्लच दाबलेला बरा. चेन आधीच ढिली असेल तर हिसका दुप्पट जाणवतो आणि दोष क्विकशिफ्टरला दिला जातो.

आपल्या भागात सर्वांत जास्त दिसणारा बिघाड चिखलाचा आहे. गिअर लीव्हरच्या सांध्यात काळी माती जाते, वाळून घट्ट होते आणि लीव्हर दाबल्यावर पूर्ण परत येत नाही. सेन्सरला वाटतं पाय अजून लीव्हरवरच आहे. मग गिअर न बदलताच इंजिन मधूनच हबकतं, किंवा पुढच्या वेळी क्विकशिफ्टर काहीच करत नाही. चालवताना बूट लीव्हरखाली टेकवून ठेवायची सवय असेल तरी हेच होतं. पेट्रोलचा दोष समजून टाकी रिकामी करण्याआधी गाडी बंद करून लीव्हर हाताने हलवून बघा. तो हलका, खुळखुळ न करता जागेवर परत यायला हवा. सांधा पाण्याने धुऊन, सुकवून, तेलाचा थेंब द्यायचा. पाण्याचा जोरदार फवारा सेन्सरच्या वायरच्या टोकावर मारायचा नाही. मग सेटिंगमध्ये क्विकशिफ्टर बंद करून थोडं चालवून पाहायचं. हबकणं थांबलं तर दोष लीव्हर किंवा सेन्सरचा. थांबलं नाही तर शोध थ्रॉटल, प्लग किंवा इंधनाकडे न्यायचा. थ्रॉटलचा सेन्सर बिघडला असेल तर बहुधा इंजिनचा पिवळा दिवा लागतो आणि गाडी जपून, कमी ताकदीने चालते. मुठीच्या सेन्सरमध्ये दोन वेगळे सिग्नल असतात, ते जुळले नाहीत तर ईसीयू मुद्दाम रेस रोखून धरतो. तिथे तालुक्याच्या मिस्त्रीच्या पान्याचं काम नाही, स्कॅनर जोडूनच कोड वाचावा लागतो.