मोठं काम डिसेंबरात आलं, मग जूनच्या हप्त्याचं काय? अनियमित कमाईवरचा आगाऊ कर

दर वर्षी १५ जूनच्या आठवड्यात फ्रीलान्स काम करणाऱ्या मंडळींचे फोन येतात आणि प्रश्न बहुतेक एकच असतो. "दादा, वर्षभरात किती मिळणार हे मलाच माहीत नाही, मग त्यावरचा कर आत्ता कसा भरू?" प्रश्न रास्त आहे. पगारदाराचा कर कंपनी दरमहा कापते. चित्रकार, भाषांतरकार किंवा वेब डिझायनरला एका महिन्यात दीड लाख मिळतात आणि पुढचे दोन महिने कोरडे जातात. तरीही कायद्याने वर्षात चार तारखा ठरवून ठेवल्या आहेत.

आधी एक गैरसमज दूर करतो. आगाऊ करासाठी कुठलाही अर्ज नाही आणि अंदाज कुणाकडे मंजुरीला पाठवायचा नसतो. अंदाज आपला आपण करायचा, पैसे भरायचे, चलान जपून ठेवायचं. तो अंदाज बरोबर होता की नाही, हे विवरणपत्र भरताना कळतं.

हा कर कुणाला लागू होतो

पूर्ण वर्षाचा अंदाजे कर काढायचा आणि त्यातून वर्षभरात कापला जाणारा टीडीएस वजा करायचा. उरलेली रक्कम १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त असेल तर आगाऊ कर भरावा लागतो. साठी ओलांडलेल्यांना यातून सूट आहे, पण ती व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्यांनाच. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून काम करणाऱ्या काकांना ती मिळत नाही.

या वजाबाकीमुळे बरेच जण सुटतात. भारतीय कंपन्या व्यावसायिक शुल्कावर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापतात, आणि तो खर्च वजा न करता पूर्ण बिलावर कापला जातो. सगळी कामं अशाच कंपन्यांची असतील तर मध्यम कमाईच्या माणसाचा कर त्यातच भागतो, उलट परतावा निघतो. ज्यांचे ग्राहक परदेशी आहेत किंवा टीडीएस न कापणारे छोटे लोक आहेत, त्यांनी मात्र जपायला हवं.

दुसरी गोष्ट, तुमचा व्यवसाय कोणता. डॉक्टर, वकील, वास्तुविशारद, अभियंता, लेखापाल, आयटी सल्लागार, चित्रपट कलावंत अशा ठरावीक व्यावसायिकांना जुन्या कायद्यात कलम ४४एडीएचा आणि १ एप्रिल २०२६पासूनच्या नव्या कायद्यात कलम ५८चा पर्याय आहे. वार्षिक जमा ५० लाखांपर्यंत असेल (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत), तर निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवता येते आणि सगळा आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात भरता येतो. अशा माणसाला जूनची धास्ती नको. पुस्तकांसाठी चित्रं काढणारे किंवा भाषांतर करणारे या यादीत नाहीत, म्हणून त्यांना चारही तारखा पाळाव्या लागतात.

टक्के पूर्ण वर्षाच्या कराचे

१५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५ टक्के, १५ डिसेंबरपर्यंत एकूण ७५ टक्के आणि १५ मार्चपर्यंत १०० टक्के. यातला 'एकूण' हा शब्द महत्त्वाचा आहे. सप्टेंबरला ४५ टक्क्यांतून आधी भरलेलं वजा करायचं आणि फरक भरायचा.

पण खरी अडचण पुढे आहे. हे टक्के 'आतापर्यंत मिळालेल्या' उत्पन्नाच्या कराचे नाहीत. वर्ष संपल्यावर जो अंतिम कर निघतो, त्याचे आहेत. म्हणजे मोठं काम डिसेंबरात आलं तरी जूनचा हप्ता कमी पडला असंच कायदा धरतो आणि तुटीवर व्याज लावतो. शेअर विकून झालेला भांडवली नफा किंवा लाभांश यांचा अंदाज आधी करता आला नाही, तर उरलेल्या हप्त्यांत कर भरून हे व्याज टाळता येतं. व्यवसायाच्या उत्पन्नाला ती सवलत फक्त पहिल्यांदा व्यवसाय सुरू झाला त्या वर्षी आहे. मला हा भेद अन्यायाचा वाटतो. फ्रीलान्सरला फेब्रुवारीतलं काम जूनमध्ये कसं दिसणार? पण नियम तसा आहे, म्हणून अंदाज बांधायची पद्धत त्याला धरूनच ठरवावी लागते.

अंदाज कसा बांधायचा

माझ्याकडे येणारी एक चित्रकार आहे. ती दोनशेपानी वहीत तीन रकाने आखते. पहिल्यात खात्यात जमा झालेले पैसे. दुसऱ्यात काम ठरलंय, लेखी कळवलंय आणि पैसे ३१ मार्चच्या आत येतील अशी रक्कम. तिसऱ्यात नुसती बोलणी चालू असलेली कामं, तीही पेन्सिलीने. अंदाजात ती पहिले दोन रकाने पूर्ण धरते आणि तिसरा सोडून देते. पेन्सिलीचं काम पक्कं झालं की ते पेनाने दुसऱ्या रकान्यात येतं आणि पुढच्या हप्त्याच्या वेळी पूर्ण वर्षाचा हिशेब ती नव्याने मांडते. मागच्या हप्त्याचा आकडा पुढे ढकलत नाही. मला ही पद्धत सगळ्यात प्रामाणिक वाटते.

खर्चाच्या बाजूला लोक एक चूक नेहमी करतात. जानेवारीत ८०,००० रुपयांचा लॅपटॉप घेतला की पूर्ण रक्कम वजा करून मोकळे होतात. संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो आणि वापर १८० दिवसांपेक्षा कमी असेल तर त्याच्या निम्मा. म्हणजे त्या वर्षी वजा होतात फक्त १६,००० रुपये. इंटरनेट, सॉफ्टवेअरचं भाडं, रंग, कागद हे मात्र पूर्ण वजा होतात.

एका वर्षाचा हिशेब

याच चित्रकाराचं २०२५-२६ हे वर्ष नव्या करप्रणालीप्रमाणे पाहू. सोयीसाठी आकडे गोल केले आहेत. निम्म्याहून जास्त काम परदेशी प्रकाशकांचं, भारतीय कंपन्यांकडून ४ लाखांचं, त्यावर ४०,००० टीडीएस.

जूनमध्ये खर्च वजा जाता वर्षाचं उत्पन्न ११ लाख होईल असं वहीवरून दिसत होतं. नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत सवलत मिळून कर शून्य होतो, म्हणून तिने काही भरलं नाही.

सप्टेंबरपर्यंत दोन कामं पेनात आली आणि अंदाज १३ लाखांवर गेला. १२ लाखांची रेघ ओलांडली की ती सवलत जाते. रेघेच्या अगदी जवळ असलेल्यांना थोडा दिलासा आहे, पण १३ लाखांवर तो उरत नाही. कर ७५,०००, त्यावर ४ टक्के उपकर धरून ७८,०००. टीडीएस वजा जाता ३८,०००. त्याचे ४५ टक्के म्हणजे १७,१०० रुपये तिने भरले.

नोव्हेंबरमध्ये परदेशातून एका पुस्तकमालेचं काम आलं आणि वर्षाचं उत्पन्न १५ लाखांवर ठरलं. आता कर उपकरासह १,०९,२००, टीडीएस वजा जाता ६९,२००. त्याचे ७५ टक्के ५१,९००. आधीचे १७,१०० वजा करून डिसेंबरात ३४,८०० भरले आणि मार्चमध्ये उरलेले १७,३००.

आता व्याज. अंतिम ६९,२०० धरून जूनला १०,३८० आणि सप्टेंबरपर्यंत एकूण ३१,१४० हवे होते. जूनची तूट १०,३८०, सप्टेंबरची १४,०४०. शंभराच्या खालची रक्कम सोडून दोन्हींवर दरमहा १ टक्का दराने तीन महिन्यांचं व्याज लागतं. ते ३०९ आणि ४२० मिळून ७२९ रुपये होतं. जूनला १२ टक्के आणि सप्टेंबरला ३६ टक्के भरले असते तर त्या हप्त्यांवर व्याज लागलं नसतं, एवढी ढील कायद्यात आहे.

तिने वर्षभर काहीच न भरता २५ जुलै २०२६ला सगळं एकदम भरलं असतं तर? चारही हप्त्यांच्या तुटीचं व्याज ३,४९१. शिवाय मार्चअखेर ९० टक्के कर भरला नाही म्हणून एप्रिल ते जुलै अशा चार महिन्यांचं दुसरं व्याज २,७६८. एकूण ६,२५९ रुपये. मधल्या अंदाजातली प्रामाणिक चूक स्वस्तात सुटते, मार्चपर्यंत हात न हलवणं महाग पडतं. म्हणून जूनच्या भीतीने हातातली शिल्लक रिकामी करू नये आणि मार्चचा हप्ता मात्र कधीही चुकवू नये. १५ मार्च हुकला तरी ३१ मार्चपर्यंत भरलेलं आगाऊ करातच धरलं जातं.

उशिराचं गणित थोडं क्रूर आहे. १५ सप्टेंबरऐवजी १७ला भरलं तरी त्या हप्त्यावर दोन दिवसांचं नव्हे, पूर्ण तीन महिन्यांचं व्याज लागतं. शेवटच्या हप्त्यावर ते एका महिन्याचं असतं.

समोर काय असावं आणि भरायचं कुठे

पॅन, एप्रिलपासूनचं बँकेचं स्टेटमेंट, दिलेली बिलं, खर्चाच्या पावत्या आणि आपल्या पॅनवर कापलेल्या आणि भरलेल्या कराची नोंद दाखवणारं, प्राप्तिकराच्या संकेतस्थळावरून उतरवलेलं फॉर्म २६एएस. शेवटचं नीट पाहा. ग्राहकाने टीडीएस कापायला हवा होता पण न कापता पूर्ण पैसे दिले, तर तो टीडीएस कापला गेलाय असं समजून वजा करता येत नाही.

incometax.gov.in वर `e-Pay Tax` उघडायचं, पॅन आणि मोबाइल क्रमांक देऊन ओटीपी टाकायचा, मग `Income Tax` आणि प्रकार `Advance Tax (100)`. इथेच घाईत `Self Assessment Tax (300)` निवडलं जातं. तो पर्याय वर्ष संपल्यावर विवरणपत्राच्या वेळचा आहे.

वर्ष निवडताना सध्या विशेष जपा. २०२५-२६च्या कमाईसाठी जुन्या कायद्याप्रमाणे कर निर्धारण वर्ष २०२६-२७ लागतं. १ एप्रिल २०२६पासून नवा प्राप्तिकर कायदा आला, त्यात निर्धारण वर्ष जाऊन 'कर वर्ष' आलं, आणि त्या तारखेनंतरच्या कमाईचं कर वर्षही २०२६-२७च आहे. आकडे तेच, वर्षं दोन वेगळी. पैसे भरण्याआधी कुठलं वर्ष निवडलंय ते मोठ्याने वाचून खात्री करा. चूक झालीच तर पोर्टलवर चलान दुरुस्तीची सोय आहे, पण मुदत थोडी असते, म्हणून त्याच दिवशी लक्ष घाला.

भरल्यावर चलानावर बँकेचा बीएसआर कोड, चलान क्रमांक आणि तारीख येते. ते उतरवून ठेवा. काही दिवसांनी रक्कम २६एएसमध्ये दिसायला हवी. ती चित्रकार चलानाची प्रिंट वहीच्या त्याच पानाला टाचून ठेवते, म्हणजे विवरणपत्राच्या वेळी चारही तारखा एका जागी सापडतात.